गोठ्यातला ताप आणि बांधावरचा मेंदूज्वर: साठा कुठे, वाट कोणती

प्रश्न: मॅडम, मी पशुवैद्यकीय पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्राणिजन्य आजारांचं साठ्यावरून आणि प्रसारावरून वर्गीकरण पाठ केलंय, पण ब्रुसेलोसिस आणि विषाणूजन्य मेंदूज्वर यांचे नियंत्रणाचे उपाय लिहायला बसलं की दोन्हीकडे लसीकरण, स्वच्छता, जनजागृती हेच येतं. मग वर्गीकरणाचा उपयोग काय? शिवाय गेल्या महिन्यात आमच्या घरची एक म्हैस आठव्या महिन्यात गाभडली. तिचं काय करू?

उत्तर:

आधी म्हशीचं बोलू, कारण ते थांबणार नाही. तिला ब्रुसेलोसिस असू शकतो. गाभडून महिना झाला असेल तर त्यासाठी रक्त तपासायची हीच योग्य वेळ आहे. गाभडल्यावर लगेच घेतलेल्या रक्तात कधी कधी प्रतिपिंडं पुरेशी नसतात, त्यामुळे तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि घरचे निर्धास्त होतात. एकट्या म्हशीचं नको, गोठ्यातल्या सगळ्या मोठ्या जनावरांचं रक्त काढ. मानेच्या शिरेतून पाचेक मिली, साध्या नळीत, गोठू द्यायचं आणि वरचा सीरम जवळच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवायचा. रोझ बंगाल तपासणी तिथे सहज होते. निकाल येईपर्यंत त्या म्हशीला गोठ्याच्या कडेला बांध, तिची धार सगळ्यात शेवटी काढा, आणि गोठ्यातलं कुठलंही जनावर बाजारात नेऊ नका. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं: ती गाभडली तेव्हा रेडकू आणि वार कोणी उचलली ते विचार. त्या माणसाला पुढच्या दोन-तीन महिन्यांत संध्याकाळचा ताप, घाम किंवा कंबरदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना म्हशीची हकीकत आपणहून सांगायची. ते विचारतील याची वाट बघायची नाही.

आता तुझा खरा प्रश्न. वर्गीकरण निरुपयोगी वाटतं, कारण ते आपण यादीसारखं शिकतो. मी पशुधन विकास अधिकारी म्हणून आधी सांगलीकडे आणि नंतर भंडाऱ्यात नोकरी केली. तिथे मला कळलं की हे वर्गीकरण म्हणजे दोनच प्रश्न आहेत. जंतूचा कायमचा मुक्काम कुठे आहे? आणि तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतो? पहिल्याच्या उत्तराने साठ्यावरचं वर्गीकरण होतं, दुसऱ्याच्या उत्तराने प्रसारावरचं. आणि या दोन उत्तरांवरून तोड कुठे घालायची, म्हणजे रोगाची साखळी कुठे तोडायची, ते ठरतं.

साठ्याचं लवकर सांगते. जंतू जनावरांत नांदतो आणि माणसाला अधूनमधून होतो, तो अँथ्रोपोझूनोसिस. आपल्याकडचे बहुतेक आजार यातलेच: रेबीज, ब्रुसेलोसिस, जपानी मेंदूज्वर. उलट माणसाकडून जनावराला जातो तो झूअँथ्रोपोनोसिस, जसा गुराख्याचा क्षय गाईला होणं. आणि दोन्हींमध्ये सारखाच नांदतो आणि दोन्हीकडून फिरतो तो अँफिक्सिनोसिस, जसे काही स्टॅफिलोकॉकस जंतू.

वाटेवरून चार गट होतात. थेट संपर्काने, चावण्याने, दुधामांसाने आला तर तो डायरेक्ट झूनोसिस. जंतूला आपलं चक्र पुरं करायला एकाहून जास्त पाठीच्या कण्याचे प्राणी लागत असतील तर सायक्लोझूनोसिस. कुत्रा आणि मेंढी यांच्यात फिरणारा हायडॅटिड जंत हे त्याचं उदाहरण. मधे डास, गोचीड, वालुमाशी असा कणा नसलेला वाहक असेल आणि जंतू त्याच्या अंगात वाढत असेल तर मेटाझूनोसिस. सिंधुदुर्गात दोडामार्गला आणि गोव्यात सत्तरीत आढळलेला माकडताप हा यातला, कारण तो गोचिडीवाटे येतो. आणि माती, पाणी, कुजका पालापाचोळा अशा निर्जीव ठिकाणी थांबून येणारा तो सॅप्रोझूनोसिस. हे कप्पे पक्के नाहीत. लेप्टोस्पायरोसिस जनावराच्या लघवीच्या थेट संपर्काने होतो आणि पुराच्या पाण्यातूनही होतो. तो कुठे टाकायचा यावर परीक्षक भांडले तरी चालेल, तू मात्र त्या गावात तो कोणत्या वाटेने येतोय तेवढं बघ.

आता ब्रुसेलोसिस. साठा: गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरं. वाट: थेट. माणसाकडून माणसाला तो जवळजवळ जात नाही. म्हणजे माणूस या जंतूसाठी रस्त्याचा शेवट आहे, आणि तोड घालायची जागा गोठा. माणसाला देण्यासाठी आपल्याकडे लसही नाही. हे सांगायला दोन ओळी लागतात, पण ते माझ्या अंगात भिनलं एका गोठ्यामुळे.

सांगलीकडचा गोठा. नऊ म्हशी, तीन गाई, दोन पारड्या, एकूण चौदा जनावरं. एक म्हैस आठव्या महिन्यात गाभडली. मी गेले, म्हैस पाहिली, वार पुरायला सांगितलं, औषध दिलं आणि निघाले. घरात माणसं कोण आहेत, वार कोण काढतं, हे मी विचारलंच नाही. ती माझी चूक होती आणि पुढच्या दोन महिन्यांत ती कळली. पंधरा दिवसांनी एका गाईची वार अडकली. घरच्या धाकट्या मुलाने, पंचविशीतल्या, कोपरापर्यंत हात घालून ती ओढून काढली. हातमोजे नव्हते. बोटांना ऊसतोडीच्या चिरा होत्या. निम्मी वार खड्ड्यात गेली, निम्मी कुत्र्याने पळवून शेजारच्या गोठ्यात नेली.

तीन आठवड्यांनी त्या मुलाला ताप यायला लागला. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी कणकण, रात्री अंगरखा भिजेल इतका घाम. विडाल तपासणी थोडी वर आली म्हणून टायफॉइडचे उपचार झाले. आठ दिवस बरं वाटलं, ताप परत आला. मग कंबर धरली. मोटरसायकलवर टांग टाकता येईना. एक अंडकोष सुजला होता, ते त्याने लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. कंबरदुखी आणि रेंगाळणारा ताप म्हणून मणक्याच्या क्षयाचा संशयही आला. इथे एक सापळा असतो, तो लक्षात ठेव: क्षयाच्या औषधांमधलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही काम करतं, त्यामुळे चुकीच्या निदानावरही रोग्याला काही काळ बरं वाटतं. त्याच्या नशिबाने दुसऱ्या महिन्यात एका फिजिशियनने विचारलं, घरी जनावरं आहेत का, इतक्यात कोणी गाभडलं का. प्रतिपिंडांची नळी-तपासणी केली, ती १:६४० आली. आपल्या भागात लक्षणं असताना १:१६० च्या वरचा आकडा संशय पक्का करायला पुरतो.

उपचार ठरलेले आहेत. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि सोबत रिफाम्पिसिन, दोन्ही सहा आठवडे. किंवा रिफाम्पिसिनऐवजी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. मणक्यात किंवा हृदयात गेला असेल तर जास्त काळ. हे डॉक्टरांनीच ठरवायचं, पण आपल्याला माहीत असावं, कारण रोगी आपल्याला विचारतात. हा जंतू पेशींच्या आत लपतो, म्हणून एकट्या औषधाने तो दबतो आणि पुन्हा उठतो. या मुलाने तिसऱ्या आठवड्यात, ताप गेला म्हणून गोळ्या सोडल्या. दीड महिन्याने पुन्हा तेच. दुसऱ्यांदा पूर्ण सहा आठवडे घेतल्यावर तो सुटला.

आता एक गोष्ट नीट बघ. त्या घरात दूध उकळल्याशिवाय कोणी पीत नव्हतं. त्यामुळे ‘दूध उकळून प्या’ असा मोठा फलक गावात लावला असता तरी हा मुलगा वाचला नसता. त्याची वाट दुधाची नव्हती, हातांची होती. शहरात किंवा तालमीत धारोष्ण दूध पिणाऱ्याची वाट दुधाची असते. शेळीचं कच्चं दूध औषध म्हणून पिणाऱ्याचीही तीच. आपल्या घरात दही तापवलेल्या दुधाचं लागतं आणि खरवस उकडलेला असतो, तिथे धोका नाही. पशुपालकाला आणि आपल्याला स्वतःला मात्र वार, गर्भजल आणि गाभडलेलं रेडकू यांतूनच जास्त धोका असतो, कारण जंतूंची सगळ्यात मोठी गर्दी तिथे असते. म्हणून उपाय एकच असला तरी तो कोणाला सांगायचा हे वाटेवरून ठरतं.

त्या चौदा जनावरांचं रक्त घेतलं. दोन पारड्या धरून पाच पॉझिटिव्ह. महिन्याने पुन्हा घेतलं, आणखी दोन निघाली. पहिल्यांदा निगेटिव्ह असलेली ही दोन जनावरं तेव्हाही निरोगी नव्हती. त्यांना लागण झाली होती, पण प्रतिपिंडं अजून तयार व्हायची होती. याहून अवघड जात म्हणजे लागण झालेल्या आईच्या पोटची एखादी कालवड. ती वाढते, तपासणीत स्वच्छ येते आणि पहिल्या वेतालाच गाभडते. म्हणून एका तपासणीवर गोठा स्वच्छ झाला असं कधीही म्हणायचं नाही. लागोपाठच्या तपासण्या स्वच्छ आल्या आणि मधे वेतं पार पडली, मगच म्हणायचं.

मालकाचा प्रश्न स्वाभाविक होता: बाई, त्या म्हशीला आता काही नाही, पुढच्या वेताला रेडकू नीट झालंय, मग रोग गेला ना? नाही गेला. एकदा गाभडलेली बहुतेक जनावरं पुढच्या वेताला नीट वितात. पण जंतू कासेत आणि कासेच्या लसीकागाठींत मुक्कामाला राहतो, दुधातून येत राहतो आणि प्रत्येक वेताला वारेबरोबर सांडतो. माणसाच्या दृष्टीने ‘बरी झालेली’ म्हैसच जास्त धोक्याची, कारण तिच्याशी कोणी जपून वागत नाही.

परदेशात ज्यांनी हा रोग संपवला त्यांनी तपासायचं, पॉझिटिव्ह निघालेलं कापायचं आणि मालकाला भरपाई द्यायची, असं वर्षानुवर्षं केलं. आपल्याकडे गाईच्या बाबतीत कायद्याने तो मार्ग बंद आहे, आणि म्हशीच्या बाबतीतही एका कुटुंबाला सात जनावरं एकदम काढून टाकायला सांगणं शक्य नसतं. तसं सांगितलं की मालक पुढच्या वेळी रक्त काढूच देत नाही, आणि पॉझिटिव्ह जनावर गुपचूप बाजारात जातं. मग रोग एका गोठ्यातून पाच गोठ्यांत पोहोचतो. म्हणून आपल्याकडे विलगीकरण आणि लस यांच्या जोरावरच काम करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

त्या गोठ्यात आम्ही असं केलं. पॉझिटिव्ह सात जनावरं गोठ्याच्या उताराच्या टोकाला, म्हणजे त्यांचं मूत आणि धुणं बाकीच्यांकडे वाहणार नाही. त्यांना वेगळी गव्हाण, वेगळी बादली. त्यांची धार शेवटी. वितायला आलेलं जनावर आठवडाभर आधी वेगळ्या खोपीत, आणि योनीचा स्राव थांबेपर्यंत तिथेच. वार आणि गाभडलेलं पिल्लू पुरुषभर खोल खड्ड्यात, वर चुना, वर माती, आणि त्यावर दगड, कारण कुत्री उकरतात. सावलीत, ओलसर शेणामातीत हा जंतू आठवडे, कधी महिने टिकतो. कडक उन्हात काही तासांत मरतो. म्हणून खोप आधी खरडून, शेण काढून मग चुन्याने किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायची आणि छपराचे दोन पत्रे सरकवून ऊन आत घ्यायचं. शेणावरच औषध ओतणारे मी पुष्कळ पाहिले. शेणामुळे औषध तिथेच खलास होतं, जंतू तसाच राहतो. खांद्यापर्यंतचे हातमोजे मालकाला मी पहिले आणून दिले, पुढचे तो स्वतः आणू लागला.

आणि लस. एस-१९ ही जिवंत लस आहे. मादी वासरांना, म्हणजे कालवडी आणि पारड्यांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच द्यायची, कातडीखाली, आपल्याकडच्या लसीचा डोस २ मिली. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे, त्यात ती मोफत आहे आणि कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर नोंद होते. वयाची अट कशासाठी हे विद्यार्थी पाठ करतात पण सांगू शकत नाहीत. या वयात दिलेल्या लसीची प्रतिपिंडं जनावर मोठं होईपर्यंत बहुतेक उतरतात, त्यामुळे पुढे रक्त तपासलं तर लसीच्या आणि रोगाच्या प्रतिपिंडांचा घोटाळा होत नाही. मोठ्या जनावराला दिली तर प्रतिपिंडं रेंगाळतात. गाभण जनावराला दिली तर तीच लस गाभडवू शकते. नराला कधीच नाही, वृषणाला सूज येते. वळूचं म्हणशील तर नैसर्गिक पैदाशीत लागणीचा धोका वाटतो त्याहून कमी असतो. बाधित वळूचं वीर्य कृत्रिम रेतनाने थेट गर्भाशयात टाकलं तर मात्र लागणीचा धोका मोठा. म्हणून रेतन केंद्रावरचा वळू सतत तपासलेला असावा लागतो.

ही लस देताना स्वतःला जप. जिवंत लस आहे, माणसाला रोग करते. सुई टोचली किंवा लसीचा थेंब डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. किमान तीन आठवड्यांची प्रतिबंधक औषधं देतात. उधळणाऱ्या पारडीला धरायला माणूस नसेल तर त्या दिवशी लस देऊ नकोस. आणि कोणाचं रक्त कल्चरला पाठवलं तर चिठ्ठीवर ‘ब्रुसेलाचा संशय’ असं ठळक लिहायला सांग. प्रयोगशाळेतल्या माणसाला हवेतूनही लागण होते.

तीन वर्षं लागली. पॉझिटिव्ह जनावरं वय झाल्यावर कमी होत गेली, त्यांच्या जागी लस दिलेल्या पारड्या आल्या, आणि लागोपाठच्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. शेजारचा गोठा, जिथे कुत्र्याने वार नेली होती, तिथे तोपर्यंत दोन म्हशी गाभडल्या होत्या.

आता मेंदूज्वर. इथे तुझ्या उत्तरातली चूक मुळात शीर्षकातच आहे. ‘विषाणूजन्य मेंदूज्वर’ हा आजार नाही, ती मेंदूची अवस्था आहे, आणि तिथे पोहोचणारे विषाणू वेगवेगळ्या साठ्यांतून, वेगवेगळ्या वाटांनी येतात. रेबीज हाही मेंदूज्वरच, पण थेट वाटेचा आणि आपल्याकडे मुख्यतः कुत्र्याच्या साठ्याचा. म्हणून त्याची तोड ब्रुसेलोसिससारखी साठ्यावर बसते: कुत्र्यांना लस. जपानी मेंदूज्वर आणि चांदीपुरा हे दोन्ही वाहकावाटे येतात, तरी दोघांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत. हे मी भंडाऱ्यात शिकले.

धानाचा जिल्हा. सप्टेंबर महिना, बांध्यांमध्ये पाणी. सात वर्षांच्या एका मुलीला तीन-चार दिवस ताप, मग झटके, मग शुद्ध हरपली. पाठीच्या पाण्यात जपानी मेंदूज्वराची आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीची, प्रतिपिंडं सापडली. मुलगी वाचली, पण तिचा उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं असं होतं. गावाने तीन मागण्या केल्या: धुराची गाडी फिरवा, डुकरं हाकला, गोठे गावाबाहेर न्या. डुकरांसाठी म्हणून आरोग्य खात्याने मलाही बोलावलं.

या विषाणूचा मुक्काम बगळे-ढोकरीसारख्या पाणपक्ष्यांत. डुकरात तो काही दिवस प्रचंड वाढतो, इतका की चावणारा डास हमखास बाधित होतो. वाहक म्हणजे धानाच्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास. माणसाच्या रक्तात विषाणू इतका थोडा असतो की माणसाला चावून डास बाधित होत नाही. माणूस इथेही रस्त्याचा शेवट. गाई-म्हशींतही विषाणू फारसा वाढत नाही, उलट हा डास माणसापेक्षा गुरांकडे आधी जातो. म्हणून गोठे हलवायला मी ठाम विरोध केला. गुरं दूर गेली असती तर डास घरांकडेच वळले असते.

डुकरांचं मात्र काम होतं. तिथल्या तीन घरांकडे मिळून चाळीसेक डुकरं होती. मोठ्या डुकरिणीच्या रक्तात प्रतिपिंडं असली तर त्यातून काही कळत नाही, ती मागच्या कुठल्याही पावसाळ्यातली असू शकतात. आईच्या दुधाची प्रतिपिंडं गेलेली, फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेली पिल्लं तपासायची. त्यांनी हा एकच पावसाळा पाहिलेला असतो. अशा अकरा पिल्लांपैकी आठ पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे विषाणू गावात याच हंगामात फिरत होता. एक रोगी म्हणजे एकच लागण असं इथे समजायचं नसतं. साधारण अडीचशे लागणींमागे एकालाच मेंदूज्वर होतो. त्या मुलीच्या मागे शेकडो मुलांना डास चावून गेला होता.

डुकरं मारणं हा उपाय म्हणून टिकत नाही. नवी पिल्लं दरवर्षी येतात, आणि त्या तीन घरांचं पोट त्यावर असतं. आम्ही डुकरं गावकुसापासून दूर नेली, रात्री खुराड्यात जाळीखाली ठेवायला लावली आणि पिल्लं पावसाळ्याआधी विकली जातील अशी पैदास फिरवायचं ठरवलं. त्याने विषाणूची भट्टी मंद होते, विझत नाही. डास एका रात्रीत एखाद-दोन किलोमीटर सहज जातो. धुराच्या गाडीने त्या घटकेला उडणारे डास मरतात, बांध्यांतल्या अळ्या तशाच राहतात. शिवाय हा डास संध्याकाळी-रात्री बहुधा घराबाहेर चावतो आणि बाहेरच बसतो, म्हणून भिंतीवरच्या फवारणीचाही उपयोग थोडाच. बांधीत पाणी आलटून पालटून ठेवणं, म्हणजे मधे चार-पाच दिवस सुकू देणं, हे अळ्यांवर चांगलं चालतं, पण पाण्याची खात्री असलेला शेतकरीच ते करू शकतो.

पक्षी आवरता येत नाहीत, डास पुरते आवरत नाहीत, डुकरं थोडी आवरतात. उरतो तो माणूस. म्हणून इथे तोड शेवटच्या टोकाला, मुलाच्या दंडावर. एसए-१४-१४-२ ही लस रोगप्रवण जिल्ह्यांत नवव्या महिन्याला आणि दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांत देतात. २००५ मध्ये गोरखपूर भागातल्या मोठ्या साथीनंतर २००६ पासून आपल्या देशात ती मोहिमेने सुरू झाली. आणि इथे वर्गीकरण किती खोल कामाचं आहे ते बघ. गोवरात शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस दिली तर उरलेली पाच आडोशाला वाचतात, कारण साखळी माणसांतून जाते. इथे साखळीत माणूस नाहीच. नव्याण्णव मुलांना लस दिली तरी शंभराव्याला तितकाच धोका राहतो. म्हणून राहिलेलं एकेक मूल शोधावं लागतं: ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्या घरांतलं, आजोळी असलेलं. ब्रुसेलोसिसमध्ये पारडीला दिलेली लस माणसाला वाचवते. इथे मुलाला दिलेली लस फक्त त्या मुलाला वाचवते.

चांदीपुरा आपल्याच मातीतलं नाव आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेला हा विषाणू सापडला. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा साथ आली. याला लस नाही. बऱ्याच जनावरांत प्रतिपिंडं सापडली आहेत, पण विषाणू कोणत्या प्राण्यात टिकून राहतो हे विज्ञानाला अजून पक्कं ठरवता आलेलं नाही. म्हणजे साठ्यावर तोड घालता येत नाही, माणसाला कवच देता येत नाही. उरतो तो वाहक, वालुमाशी.

सुदैवाने वालुमाशीच्या सवयी डासाच्या उलट आहेत. ती पाण्यात वाढत नाही. भिंतीच्या भेगांत, ओलसर मातीत, शेणकचऱ्यात वाढते. लांब उडत नाही, भिंतीवर टणाटण उड्या मारत चढते. दिवसा घराच्या आणि गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहते. म्हणून इथे भिंतीवरची कीटकनाशक फवारणी, जी जपानी मेंदूज्वरात कमी पडते, ती चांगली लागू पडते. पुरुषभर उंचीपर्यंत, घराला लागून असलेल्या गोठ्यासकट. भेगा लिंपायच्या. उकिरडा आणि शेणाचा ढीग घरापासून लांब. साधी मच्छरदाणी मात्र तिला अडवत नाही. ती डासाच्या पाव आकाराची, जाळीतून आत येते. बारीक जाळीची लागते. आणि इथे घराला चिकटलेला गोठा खरंच धोक्याचा आहे. जो गोठा धानाच्या गावात मी हलवू दिला नाही, तोच मातीच्या भेगाळ घराला खेटून असता तर मी तो हलवायला सांगितला असता.

गावात मूल आजारी पडतं तेव्हा यातलं कोणतं हे लगेच कळत नाही. काही खुणा असतात. चांदीपुरा पावसाळ्याच्या तोंडावर, पंधराच्या आतल्या मुलांत. सकाळी ताप आणि संध्याकाळी झटके, एक-दोन दिवसांत मरणही. जपानी मेंदूज्वर धान उभं राहिल्यावर, ताप तीन-चार दिवसांचा, मग मेंदू. पण या खुणांवर थांबायचं नाही. तापात झटके आले की मूल कुशीवर घ्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि तालुक्यात थांबत न बसता मुलांचा अतिदक्षता विभाग असेल तिथे न्यायचं. दोन्हींवर थेट औषध नाही, झटके थांबवणं, श्वास सांभाळणं, मेंदूची सूज उतरवणं हेच उपचार, आणि चांदीपुरात त्याला फक्त काही तास मिळतात. नमुना पहिल्या दिवसांत घेतला आणि आयजीएम निगेटिव्ह आलं तर आठवड्याने दुसरा घ्यावा लागतो. पहिल्या निगेटिव्हवर ‘दुसराच काहीतरी ताप’ म्हणून फाइल बंद झालेली मी पाहिली आहे.

तुझ्या उत्तरपत्रिकेत मग असं लिही: आजाराचं नाव, साठा, वाट, माणूस साखळीत आहे की शेवटी, आणि त्यावरून तोड कुठे. हे पाच रकाने भरले की ‘स्वच्छता’ या शब्दाऐवजी तुला ‘वार’, ‘भेगा’, ‘बांधीतलं पाणी’ असं लिहावं लागेल. आणि घरच्या सीरमचा निकाल आला की म्हैस कोणत्या वेताची आहे, गोठ्यात चार ते आठ महिन्यांच्या पारड्या किती आहेत आणि गेल्या वर्षभरात बाजारातून कोणतं जनावर आणलं, हे तिन्ही मला कळव.